गृहकर्ज लवकर फेडावं की एसआयपी करावी? सोळा महिने दोन्ही करून बघितलं

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी, वडगावात घर. सप्टेंबर 2024 ला कर्ज बरोबर 20 लाख उरलं होतं, मुदत 15 वर्षं, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं 8.5 टक्के, हप्ता 19,695. महिन्याला दहा हजार शिल्लक पडायला लागले आणि ते कर्जात घालावेत की म्युच्युअल फंडात दरमहा हप्त्यानं, म्हणजे एसआयपीत, असा डोक्याला भुंगा लागला.

आमचे दादा खानापूरला असतात. त्यांचं एकच म्हणणं, "काय करायलास रे त्या फंडाचं? आधी बँकेचं फेड की!" कारखान्यातले मित्र मात्र उलटं सांगायचे. कर्ज साडेआठनं, फंड बारानं, मग फेडतोय कशाला?

दोन्हीकडचे आकडे भुलवणारे. जादा दहा हजार भरत गेलो तर कर्ज 180 ऐवजी 92 महिन्यांत संपतं, व्याज साधारण आठ लाखांनी वाचतं. पण हे आठ लाख फंडाच्या पंधरा वर्षांच्या रकमेशेजारी मांडणं चुकीचं, कारण 92 महिन्यांनंतर हप्त्याचे पैसेही मोकळे होतात. म्हणून मी दोन्ही वाटा त्याच 92 व्या महिन्याला थांबवून बघितल्या. जादा काही भरलं नाही तर त्या दिवशी कर्ज उरतं सुमारे 12 लाख 86 हजार. म्हणजे प्रश्न एवढाच, की तोवर एसआयपीतून कर भरून तेवढे हातात येतात का? फंडानं 12 टक्के दिले तर साधारण 14 लाख 40 हजार येतात, दीड लाखाचा फायदा. 7 टक्केच दिले तर 11 लाख 90 हजार, म्हणजे जवळपास लाखाचा खड्डा. बरोबरी होते नऊ टक्क्यांच्या थोडी वर. कर्ज फेडण्यातले साडेआठ पक्के आणि करमुक्त आहेत. फंडाचे बारा मात्र आशेवर.

मी नव्या करप्रणालीत आहे, तिथं राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साडेआठचं कर्ज वजावटीमुळं पावणेसातच्या आसपास पडतं, आणि फंडाचं पारडं जड होतं.

तरी मोहानं आधी एसआयपीच धरली. त्याच महिन्यात निफ्टी 26,277 ला टेकला आणि मग उतरत गेला. मार्च 2025 च्या सुरुवातीला 22,000 च्या आसपास, आणि माझे सहा हप्त्यांचे साठ हजार दिसत होते साडेचौपन्न. घाबरून एसआयपी बंद केली. मोडली नाही एवढंच शहाणपण.

मग पाच महिने पैसे साठवून ऑगस्टमध्ये पन्नास हजार कर्जात भरले. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तो लागला नाही. घोळ वेगळाच झाला. हप्ता कमी करू का, असं काउंटरवरच्या बाईंनी कानडीत विचारलं, "ईएमआय कडिमी माड्लेन्री?" घाईत मी "हूं री" म्हणून मोकळा झालो. पुढच्या महिन्याला हप्ता पाचशेनं कमी कापला गेला तेव्हा उजेड पडला: मुदत तशीच ठेवून हप्ताच कमी केलेला. ते पाचशे घरखर्चात कधी विरघळले कळलंही नाही. पुन्हा जाऊन लेखी अर्ज दिला, हप्ता पूर्वीचाच ठेवा, मुदत कमी करा. भरणा केल्यावर कर्जाचा उतारा काढून मुद्दल त्याच तारखेला उतरलं का आणि उरलेले हप्ते किती, हे दोन्ही बघाच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑर्डरी आटल्या, ओव्हरटाइम बंद. दोन हप्त्यांची सोय हवी होती. कर्जात घातलेले पन्नास हजार बँक काही परत देत नाही. मार्चमध्ये ज्याला शिव्या घातल्या त्याच फंडातून चाळीस हजार काढले, तीन दिवसांत खात्यात. आधी घेतलेली युनिटं आधी विकली जातात, त्यामुळं बहुतेक युनिटं वर्ष उलटलेली निघाली. उरलेल्यांवर वर्षाआधी काढल्याचा एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे शंभरच्या आतच.

यात 2025 भर रेपो 6.5 वरून 5.25 वर आला. माझा दरही त्याच्या मागं उतरून सव्वासातवर येतोय. म्हणजे फेडण्यातला पक्का परतावाही सव्वासातच, आणि ऑगस्टचा हिशेब डिसेंबरला शिळा. दर पुन्हा चढला की उलटं.

सध्या आधी सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला काढतोय, इक्विटीत नाही, साध्या मुदत ठेवीत. ती भरली की दहापैकी सहा हजार कर्जाला, चार फंडाला. दादांना फक्त सहाचं सांगितलंय.