पासवर्ड ग्रुपवरून तिजोरीत: तारकर्लीतल्या एका हंगामाचा अनुभव

ऑक्टोबर ते जून असा पूर्ण हंगाम बिटवॉर्डन या पासवर्डच्या ऑनलाइन तिजोरीचा `Teams` प्लॅन वापरून झाल्यावर हे लिहीत आहोत. मालवण-तारकर्ली पट्ट्यातले दोन होमस्टे, ९ माणसं आणि ३८ लॉगिन: बुकिंगच्या साइट, ईमेल, परदेशी पाहुण्यांची नोंद, वीजबिल, राऊटर, कॅमेरे. त्याआधी सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. "दादा, वायच पासवर्ड पाठव मरे" असा मेसेज आला की ज्याच्या हाताशी असेल तो पाठवून मोकळा व्हायचा.

मोफत प्लॅनमध्ये दोनच माणसं आणि दोनच सामायिक कप्पे मिळतात, त्यामुळे तो आमच्या कामाचा नव्हता. आम्ही घेतला तेव्हा `Teams` वर्षाचे पैसे एकदम भरून माणशी महिना ४ डॉलरला पडला.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्या. बिटवॉर्डनमध्ये `Folder` आणि `Collection` या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोल्डर फक्त तुमच्या स्वतःच्या खात्यात दिसतो; त्यात टाकलेलं दुसऱ्या कोणालाही जात नाही. सगळ्यांच्या वापराची नोंद संस्थेच्या, म्हणजे बिटवॉर्डनमधल्या आपल्या सामायिक खात्याच्या, मालकीची करून कलेक्शनमध्ये ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात आमच्या १४ नोंदी फोल्डरमध्येच पडून होत्या आणि काउंटरवरच्यांना तिजोरी रिकामी दिसत होती.

कलेक्शन पाडताना आम्ही आधी घराप्रमाणे विभागणी केली: वरचं घर आणि किनाऱ्याकडचं घर. ते फसलं. हिशेब बघणाऱ्या वहिनींना दोन्ही घरांची वीजबिलं भरायची असतात, म्हणून त्यांना दोन्ही कलेक्शन द्यावी लागली आणि त्याबरोबर कॅमेऱ्यांचे पासवर्डही गेले. मग कामाप्रमाणे पाच केली: बुकिंग, रात्रीचं काउंटर, बिलं आणि कर, नेट आणि कॅमेरे, सोशल मीडिया. एकच नोंद दोन कलेक्शनमध्ये राहू शकते, हे इथे फार उपयोगी पडतं. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, आणि पाहुणे बरेचदा रात्रीच येतात. म्हणून ते लॉगिन बुकिंगमध्येही आहे आणि रात्रीच्या काउंटरमध्येही. पासवर्ड एका ठिकाणी बदलला की दोन्हीकडे बदलतो.

माणूस जोडताना आमंत्रण, त्याचा स्वीकार आणि मग ॲडमिनचं `Confirm` असे तीन टप्पे असतात. तिसरा टप्पा विसरला की समोरचा म्हणतो, "आत आलो, पण काहीच दिसत नाही." संस्थेची किल्ली त्या माणसाच्या खात्यासाठी कुलूपबंद होते ती याच टप्प्यात, त्यामुळे तो टाळता येत नाही. आमंत्रणाची लिंक ५ दिवसांनी बाद होते.

सगळ्यात कष्टाचं काम मात्र तिजोरीबाहेरचं आहे. जुने पासवर्ड जसेच्या तसे तिजोरीत ठेवले तर काहीच साधत नाही, कारण ते ग्रुपवर, प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि चॅटच्या बॅकअपमध्ये तसेच पडून असतात. 'सर्वांसाठी हटवा' साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं. पासवर्डचे स्क्रीनशॉट पाठवले असतील तर ते गॅलरीतही उतरलेले असतात. म्हणून आम्ही नियम केला: पासवर्ड बदलल्याशिवाय नोंद कलेक्शनमध्ये जायची नाही. रोज पाच-सहा बदलले तर ३८ लॉगिनना आठवडा पुरतो. बदलताना नवा पासवर्ड आधी नोंदीत जतन करा आणि मग साइटवर चिकटवा. उलट क्रमाने केलं आणि मध्येच लाईट गेली, तर नवा पासवर्ड कुठेच उरत नाही. साइटने तो नाकारला, तर जुना नोंदीच्या इतिहासात सापडतो. तिथे शेवटचे ५ राहतात.

बदलता बदलता एक लक्षात आलं: बऱ्याच ठिकाणी पासवर्ड वाटून घ्यायची गरजच नसते. गूगलवरच्या होमस्टेच्या पानाला वेगवेगळे व्यवस्थापक नेमता येतात, काही बुकिंग साइटही प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देतात. जिथे ही सोय आहे तिथे तीच वापरा. बँक आम्ही तिजोरीत आणलीच नाही.

परवानग्यांमध्ये `View items, hidden passwords` असा पर्याय आहे. त्याच्यावर विसंबू नका. एकदा करून बघा: या परवानगीच्या माणसाने तिजोरीतून साइटवर पासवर्ड भरला आणि त्या साइटच्याच रकान्याशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, की काळे ठिपके जाऊन अक्षरं समोर येतात. सहज नजर पडू नये एवढ्यापुरता तो ठीक आहे. ज्याला पासवर्ड कळता कामा नये, त्याला ते कलेक्शन देऊच नका.

पावसात खरी परीक्षा झाली. जूनमध्ये लाईट आणि नेट एकदम गेलं, तेव्हा नऊपैकी तिघांना तिजोरी उघडेना. तिघांच्याही सेटिंगमध्ये तिजोरी उघडी राहण्याची ठरलेली वेळ संपल्यावर `Log out` होत होतं. पुन्हा आत यायला नेट लागतं. तिथे `Lock` ठेवलं असेल तर नेट नसतानाही मास्टर पासवर्डने, म्हणजे तिजोरीच्या स्वतःच्या पासवर्डने, तिजोरी उघडते आणि नोंदी वाचता येतात. फक्त बदल करता येत नाहीत. आपल्याकडे हे सेटिंग पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन तपासावं.

नेट आल्यावर दुसरी अडचण येते. कार्यालयात पासवर्ड बदललेला असतो, पण फोन अजून जुनाच दाखवतो. चार-पाच चुकीचे प्रयत्न झाले की काही साइट खातंच बंद करतात. लॉगिन नाकारलं गेलं की दुसरा प्रयत्न करण्याआधी `Sync now` दाबायचं, असा कागद काउंटरवर चिकटवला आहे.

हंगाम संपल्यावर रात्रीच्या काउंटरवरचा मुलगा गावी गेला. सदस्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे `Revoke` केलं, की तिजोरी त्याला त्या क्षणापासून बंद. पण त्याने पाहिलेले पासवर्ड त्याच्या डोक्यातून किंवा वहीतून जात नाहीत. त्याच्याकडे रात्रीचं काउंटर हे एकच कलेक्शन होतं, त्यात ६ नोंदी. पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकी साइटचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात. मग दोन बुकिंग साइट, पाहुण्यांच्या नोंदीचं लॉगिन आणि राऊटर. राऊटरचा बदलल्यावर नोंदीवरचं नाव तपासा: दोन्ही घरांचे राऊटर `192.168.1.1` वरच आहेत, त्यामुळे तिजोरी दोन्ही पासवर्ड सुचवते आणि घराचं नाव नसेल तर चुकीचा भरला जातो.

शेवटी कॅमेऱ्यांचं ॲप. पासवर्ड बदलूनही त्या मुलाच्या फोनवर ते उघडंच राहिलं होतं. ॲपच्या उपकरणांच्या यादीतून त्याचा फोन वेगळा काढावा लागला. सगळ्याला मिळून सव्वा तास लागला. ऑक्टोबरमध्ये तो परत आला तर `Restore` केल्यावर त्याला तेच कलेक्शन नव्या पासवर्डांसह दिसेल. नव्याने आमंत्रण पाठवावं लागणार नाही.