स्पीकर बायो: सगळीकडे चालणारा की त्या एका सेशनपुरता?

दोन्ही वापरून झालेत माझे. कॉन्फरन्सला प्रपोजल टाकताना आपण बायोच्या रकान्यात तयार परिच्छेद चिकटवतो, माझाही होता: "सोलापूरचा बॅकएंड डेव्हलपर, बारा वर्षांचा अनुभव, पोस्टग्रेसची आवड, कॉलेजांमध्ये गेस्ट लेक्चर्स." खोटं काही नाही. सेशन होतं ऑटोव्हॅक्यूमवर, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस टेबलातल्या डेड, निकामी रो आपोआप साफ करतो त्यावर. रिजेक्शनसोबत एका ओळीचा फीडबॅक आला, विषय चांगलाय पण हे तुम्ही स्वतः केलंय का ते कळत नाही.

एवढंच डोक्यात गेलं माझ्या. कारण केलं होतं ना! रात्री दोनला कारखान्यात बसून केलं होतं, आणि बायोत काय, तर 'आवड'. बरं उलट उत्तर द्यायची सोयही नसते, प्रपोजल बंद झालेलं असतं.

पुढच्या वेळी त्याच विषयाला हे लिहिलं: "अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉक सॉफ्टवेअर सहा वर्षं सांभाळतो. स्टॉकच्या टेबलात ८० लाख रो, सतत अपडेट. डिफॉल्ट सेटिंगला साधारण १६ लाख डेड रो साठेपर्यंत ऑटोव्हॅक्यूम सुरूच होत नव्हतं, रिपोर्ट ४० सेकंदांवर गेला. रात्री टेबल लॉक करून एकदा VACUUM FULL केलं, मग त्या टेबलपुरता `autovacuum_vacuum_scale_factor` 0.2 वरून 0.01 वर आणला. हाच डेमो मीटअपला २५ मिनिटांत दाखवलाय, रेकॉर्डिंगची लिंक खाली." घेतलं सेशन. आता ते बायोमुळेच असं छातीठोक नाही सांगत, त्या वर्षी प्रपोजलं कमी आली असतील. पण ८० लाखाचे २० टक्के किती हे रिव्ह्यूअर स्वतः करून बघू शकतो, 'बारा वर्षांचा अनुभव' कशाने तपासणार? आणि लॉकचा उल्लेख वाचून त्याला कळतं की ह्याने लोकांना थांबवून काम केलंय, नुसती डॉक्युमेंटेशन वाचून आलेला नाही.

त्रास आहेच. दर विषयाला नव्याने लिहा, क्लायंटला विचारा. मालक म्हणाले, "नाव नको आपलं, टॉवेलचा कारखाना म्हण की, सोलापुरात काय कमी आहेत व्हय." रेकॉर्डिंग नसेल तर निदान डेमोची रेपो तरी द्या. आणि जिथे पहिल्या फेरीत नाव-बायो झाकून वाचतात तिथे हा सगळा मजकूर वायाच, तिथे हीच चार वाक्यं नाव, गाव, लिंक काढून आयोजकांसाठीच्या टिपणात टाकावी लागतात.

जुना बायो फेकला नाही मी. स्टेजवर ओळख करून देणाऱ्याला तोच देतो, त्याला माईकवर `autovacuum_vacuum_scale_factor` वाचायला लावणं बरं नाही. एकाच ठिकाणी पाच वेगवेगळे विषय टाकणाऱ्यालाही कदाचित तोच सोयीचा पडेल. मी आता एकच टाकतो.