४५ लिटर की ६० लिटर सॅक?

दादरहून चार दिवसांसाठी १० किलो सामान न्यायचं, तर मी ४५ लिटरच घेईन. ६० लिटरमध्ये जागा दिसली की माणूस ती भरतोच, शिवाय लोकलच्या दारात ती अडते. मात्र स्वस्त ४५ लिटरला कमरेला बहुधा नुसती पट्टी असते, ६०ला जाड गादीचा पट्टा. गादीवालीच ४५ शोधा.

मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. दुकानात वजन भरून पट्टा हाडांवर आवळा आणि खांद्याचे पट्टे किंचित सैल करा. भार कमरेवर टिकला तर माप बरोबर. पट्टा पोटावर चढला तर सॅक आखूड.

रेनकव्हर दोन्हींना हवं, पण मुंबईच्या पावसात पाणी पाठीकडून शिरतं. आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालाच.