पंक्चरचा एकच व्हिडिओ, तीन तऱ्हा: स्लो मोशन, टाइम-लॅप्स की क्लोज-अप?

सायकलचं पंक्चर काढतानाचा व्हिडिओ घ्या. फोन स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि 25 मिनिटांनी बंद केलं. त्यात सगळं दिसतं, पण शेवटपर्यंत कुणी बघत नाही. त्याचा दीड मिनिटाचा, बघावासा वाटणारा व्हिडिओ करायचा तर फोनमधल्या तीन सोयी हाताशी आहेत. तिन्ही एकदम शिकायला वेळ नसेल, तर आधी कुठली घ्यावी हा खरा प्रश्न.

बहुतेक जण स्लो मोशनकडे धावतात. मीही धावलो होतो. चाक काढणं, टायर उचकटणं, पॅच लावणं, सगळं संथ केलं आणि मूळचं रटाळ काम आणखी रटाळ झालं. स्लो मोशन उपयोगी पडतं ते डोळ्यांना नीट टिपता न येणाऱ्या हालचालींना. पंक्चरच्या कामात तशी जागा साधारण एकच: हवा भरलेली ट्यूब पाण्यात बुडवल्यावर छिद्रातून उसळणारे बुडबुडे. सेकंदाला 240 फ्रेम्स, म्हणजे 240 सुटी चित्रं, या वेगाने टिपलेला एक सेकंद सेकंदाला 30 फ्रेम्सच्या नेहमीच्या व्हिडिओत 8 सेकंद चालतो. त्यामुळे एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त घेऊच नका. 120 फ्रेम्सवर वेग चौपट कमी होतो, आणि बुडबुड्यांना तेवढं बऱ्याचदा पुरतं.

अडचण उजेडाची. 240 फ्रेम्सवर प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या 240व्या भागापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही, म्हणून घरातलं चित्र अंधारं आणि दाणेदार येतं. शिवाय 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. एरवी ते कळत नाही, स्लो मोशनमध्ये मात्र चित्र लुकलुकतं, आणि नंतर ते घालवणं जिकिरीचं. पाण्याची बादली सरळ उन्हात न्या, दोन्ही प्रश्न मिटतात.

टाइम-लॅप्सचा हिशेब उलटा. दर 2 सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर 8 मिनिटांत 240 फ्रेम्स होतात, म्हणजे 8 सेकंदांचा व्हिडिओ. चाक आणि टायर काढण्याचा लांबलचक भाग असा आवळता येतो. पण 2 सेकंदांत हात कुठल्या कुठे गेलेला असतो, त्यामुळे तो चित्रात टुणटुण उड्या मारतो. दर सेकंदाला एक फ्रेम घेतली तर 16 सेकंद लागतात आणि काम थोडं तरी समजतं. सोल्यूशन वाळण्याची पाच मिनिटं टाइम-लॅप्सने घ्यावीत असं वाटतं खरं, पण तिथे डोळ्याला बदलच दिसत नाही. ती सरळ कापा.

माझं मत विचाराल तर अर्ध्या तासापर्यंतच्या कामाला टाइम-लॅप्स मोड वापरूच नये. साधा व्हिडिओ घ्या आणि संपादन करताना 20-30 पट पळवा. टाइम-लॅप्समध्ये गाळलेल्या फ्रेम्स परत मिळत नाहीत. साध्या व्हिडिओतून टायर निसटला तो क्षण आवाजासकट मूळ वेगात ठेवता येतो. तासन्‌तास चालणाऱ्या कामात मात्र फोन तापतो, जागा भरते. तिथे टाइम-लॅप्सच बरा. दोन्ही प्रकारांत सुरुवातीला स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. नाहीतर हात आडवा गेला की चित्र उजळतं-काळवंडतं, आणि वेग वाढवल्यावर ते फारच खुपतं.

क्लोज-अपला वेगळा मोड लागत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. मी मात्र तिघांत त्याला पहिला नंबर देईन, कारण तो जोडणी लपवतो. समजा, टायर काढतानाचा रुंद शॉट आहे आणि पुढचा, त्याच कोनातला, थेट पॅच लावण्याचा. दोन्ही सलग जोडले तर माणूस झटक्यात जागा बदलल्यासारखा दिसतो. मध्ये ट्यूबवर सँडपेपर घासणाऱ्या बोटांचा 3 सेकंदांचा क्लोज-अप टाकला की कापलेली दहा मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे फोन फार जवळ नेणं. ठरावीक अंतराच्या आत मुख्य कॅमेरा फोकस करू शकत नाही. काही फोन तेव्हा आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात आणि चित्र क्षणभर उडी मारतं. वर फोनची सावली ट्यूबवर पडते ती वेगळीच. 25-30 सेंटिमीटरवर थांबून 2x झूम वापरा. अगदी छिद्रच दाखवायचं असेल, तर मॅक्रो आधी सुरू करून मग रेकॉर्डिंग दाबा.

दीड मिनिटाचा हिशेब मी असा लावला: मूळ वेगातले रुंद शॉट 40 सेकंद, पाच-सहा क्लोज-अप मिळून 25, पळवलेला भाग 16, आणि बुडबुड्यांचा स्लो मोशन 8. एक सेकंद उरला, तो शेवटच्या शॉटला दिला: भरलेल्या टायरवर अंगठा दाबतानाचा क्लोज-अप.