फंडिंग रेट की लिक्विडेशनचे पट्टे: आधी काय बघावं?

क्रिप्टोतल्या पर्पेच्युअल फ्युचर्सला एक्स्पायरी नसते. भाव स्पॉटजवळ राहावा म्हणून बहुतेक एक्स्चेंजवर दर 8 तासांनी फंडिंगची देवाणघेवाण होते. रेट पॉझिटिव्ह असेल तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना पैसे देतात. तो 0.1% झाला, तर 20 पट लिव्हरेजवाल्याच्या मार्जिनमधले 2% दर खेपेला जातात. गर्दी कुठल्या बाजूला आहे, हे यातून कळतं. ती कधी फुटेल, हे मात्र नाही. चढा रेट कित्येक दिवस टिकतो.

लिक्विडेशनचे पट्टे भावाची जागा दाखवतात, म्हणजे उधारीवरचे सौदे कुठल्या भावाला सक्तीने बंद होतील ते. 60,000 डॉलरला 20 पटीने घेतलेला लाँग, मेंटेनन्स मार्जिन 0.5% धरलं तर, साधारण 57,300 ला उडतो. तिथे एक्स्चेंजच सक्तीने विकतं, त्या विक्रीने भाव पुढच्या पट्ट्यात ढकलला जातो आणि साखळी लागते. पण हे पट्टे दाखवणारा हीटमॅप हा लिव्हरेज गृहीत धरून बांधलेला अंदाजच.

मी आधी फंडिंग बघतो. ते चढं, ओपन इंटरेस्ट म्हणजे उघड्या सौद्यांचा एकूण आकडा वाढतोय आणि भाव जागचा हलत नाही, असं असेल तरच खालचा पट्टा गांभीर्याने घेतो. पट्ट्यातून जाताना ओपन इंटरेस्ट धाडकन पडला, तर ती बहुधा सक्तीची विक्री. वाढला, तर नवे शॉर्ट शिरतायत.