सात महिने ग्रे कार्ड आणि रॉ फाइल वापरून: परसातला काळा शिंजीर काळा की तपकिरी?

खानापूर तालुक्यात आमचं घर आहे. मागच्या परसात एक जुनी जास्वंद, तिच्या बाजूला फणस आणि खाली सगळी तांबडी माती. सकाळी आठ ते नऊ या वेळात जास्वंदीवर शिंजीर येतात. फणसाच्या सावलीत अर्धा पक्षी आणि फटीतून आलेल्या उन्हात अर्धा, असे फोटो मी दोन वर्षं काढत होतो. त्यातले बहुतेक एकाच प्रकारचे निघायचे. खांद्यावर उन्हाच्या झळाळीचा पांढरा ठिपका, बाकी काळा गोळा.

नोव्हेंबरात मी दोन गोष्टी सुरू केल्या. उजेडाची छटा मोजायला खिशात मावेल असं प्लास्टिकचं १८ टक्के राखाडी कार्ड घेतलं, आणि माझ्या सेकंडहँड झूम कॅमेऱ्यात जेपेगऐवजी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, साठवायला लागलो. आज मृगाचा पाऊस लागलाय, फोटो बंद आहेत, म्हणून बसून लिहितोय. पाचात मार्क द्यायचे तर कार्डाला चार देईन. रॉ फाइलला साडेचार दिले असते, पण तिनं मला एकदा चांगलंच फसवलं, म्हणून तिलाही चारच.

आधी अडचण काय ते सांगतो. जांभळा शिंजीर आणि लोटेनचा शिंजीर हे दोन्ही आमच्याकडे दिसतात, आणि नर विणीच्या पिसाऱ्यात असला की दोन्ही लांबून काळेच वाटतात. ऊन पडलं की डोकं, गळा, पाठ निळी-जांभळी चमकते, तीही दोघांची. फरक पोटात आहे. जांभळ्याचं पोट काळपट, लोटेनचं मळकट तपकिरी. लोटेनची चोचही जास्त लांब आणि जास्त वाकडी असते, पण पक्षी तोंड फुलात घालून बसला असेल तर चोच दिसणार कुठून? म्हणजे सगळा निकाल पोटाच्या रंगावर, आणि सावली नेमका तोच रंग खाते.

गळ्याच्या चमकेचा आधार घ्यायला मी आता धजत नाही. ती चमक रंगद्रव्याची नाही. पिसांच्या बारीक तंतूंमधले मेलॅनिनचे कण थरांत रचलेले असतात आणि त्या रचनेमुळे ठरावीक कोनातूनच निळा-जांभळा प्रकाश परत येतो. कोन चुकला की तोच गळा कोळशासारखा दिसतो. त्यामुळे फोटोत गळा काळा दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही. पोटाचा तपकिरी मात्र साध्या रंगद्रव्याचा, कोन बदलला तरी तो तपकिरीच राहतो.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी साडेआठच्या सुमाराला नर शिंजीर जास्वंदीच्या सात फुटांवरच्या फांदीला लटकला होता. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो, त्यामुळे मला तो खालून, पोटाकडून दिसत होता. चोच फुलात. मी दोन फ्रेम काढल्या. कॅमेऱ्यानं रॉबरोबर जेपेगही ठेवली होती, ती उघडली तर पोट सरळ तपकिरी. आनंदानं वहीत लिहून टाकलं, लोटेन.

संध्याकाळी रॉ फाइल उघडली आणि सावली वर खेचली, म्हणजे अंधारा भाग उजळ केला. आता पोट जांभळट! मी गोंधळलो. नंतर कारण कळलं. सेन्सरवर लाल आणि निळ्याला हिरव्यापेक्षा कमी प्रकाश मिळतो, म्हणून व्हाइट बॅलन्स लावताना, म्हणजे उजेडाची छटा काढून टाकताना, सॉफ्टवेअर त्या दोघांना गुणून वाढवतं. खूप अंधाऱ्या भागात खऱ्या प्रकाशापेक्षा सेन्सरचा कचरा, म्हणजे खोटे ठिपकेच जास्त असतात, आणि तो कचराही त्याच गुणाकारात वाढतो. त्यामुळे फार खेचलेली सावली जांभळट होते. ‘जांभळा शिंजीर’ शोधणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअरनंच जांभळा पुरवायचा, हे म्हणजे जावयाला विचारून भाव ठरवण्यासारखं झालं. हे ओळखायची खूण सोपी आहे. त्याच फ्रेममधली दुसरी खोल सावली बघायची, उदाहरणार्थ पक्ष्यामागची फांदीची खोबण. तीही जांभळट झाली असेल तर पक्ष्याचा जांभळाही खोटा. माझ्या फोटोत खोबण जांभळीच होती.

म्हणजे जेपेग तपकिरी सांगते, खेचलेली रॉ जांभळा सांगते. दोघांतलं खरं कोण?

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कार्ड काठीला बांधलं आणि त्याच फांदीजवळ धरलं. शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून बघत होत्या. “काय दाखवालाय ओ त्या झाडाला?” म्हणाल्या. मी शिंजीराचं इथलं नाव घेऊन म्हटलं, “अक्का, सूरक्कीच्या पोटाचा रंग बघालोय.” त्या हसून म्हणाल्या, “मग सूरक्कीला दाखवा की, झाडाला काय कळतंय?” बरोबरच होतं म्हणा.

पहिल्यांदा मी कार्ड नेहमीसारखं वर, आभाळाकडे तोंड करून धरलं. ते फोटोत निळसर-हिरवट आलं. वर निळं आभाळ, फणसाची पानं, म्हणजे साहजिकच. त्यावरून व्हाइट बॅलन्स लावला तर पोट आणखीच तपकिरी झालं. इथंच माझी चूक होती, आणि ती लक्षात यायला मला चहाचे दोन कप लागले. पक्ष्याचं पोट आभाळाकडे नसतं, जमिनीकडे असतं. जमीन तांबडी. सकाळचं तिरपं ऊन अंगणातल्या मातीवर पडतं आणि तिथून उसळून लालसर होऊन पोटावर जातं. म्हणून कार्डही तसंच धरलं, तोंड खाली आणि थोडं माझ्याकडे. आता कार्ड चक्क विटकरी छटेचं आलं.

फोटो डोळ्याला बरा दिसावा म्हणून सॉफ्टवेअर टोन कर्व लावून उजेड-अंधार वरखाली करतं. मग तो टोन कर्व बंद ठेवून दोन्हीकडचे आकडे वाचले. कर्व चालू असेल तर गुणोत्तरं बिघडतात, तेव्हा हे विसरू नका. खाली तोंड केलेल्या कार्डावर R 142, G 118, B 96. पोटाच्या मधल्या भागाची सरासरी R 44, G 36, B 30. आकडा किती मोठा याला महत्त्व नाही, पोट कार्डापेक्षा काळं असणारच. लाल भागिले हिरवा काढायचा. कार्डावर १.२०, पोटावर १.२२. हिरवा भागिले निळा, कार्डावर १.२३ आणि पोटावर १.२०. म्हणजे जेवढी लाली कार्डावर तेवढीच पोटावर, आणि कार्डाला स्वतःचा रंग नाही. पोटालाही नव्हता. तपकिरी होती ती आमच्या अंगणाची माती. वहीतला लोटेन खोडून जांभळा शिंजीर लिहिला.

खराखुरा लोटेन मार्चच्या शेवटी आला. त्याच्या पोटाचं लाल-हिरवं गुणोत्तर १.४३ आलं, कार्डाचं तेच १.२०. शिवाय त्या फ्रेममध्ये छाती आणि पोट शेजारीशेजारी दिसत होते, छाती काळी आणि तिथून खाली एकदम मंद तपकिरी. हा फरक एकाच फ्रेममधला, एकाच प्रकाशातला, म्हणून व्हाइट बॅलन्स चुकला तरी टिकतो. असा फोटो मिळाला तर कार्डाची गरजच नाही. चोचही त्यात स्पष्ट होती, डोक्यापेक्षा बरीच लांब, कोयतीसारखी.

झळाळीचं सांगायचं तर तिथं मी हार मानली आहे. सावलीत थोडा तरी प्रकाश नोंदलेला असतो, पांढऱ्या ठिपक्यात काही उरलेलंच नसतं. तिन्ही रंग कमाल आकड्याला टेकले की तो भाग कोरा. त्यातून फसवी गोष्ट ही की कधी एकच रंग टेकतो आणि बाकीचे दोन नाही, मग ठिपक्याच्या कडेला भलताच रंग उमटतो. एकदा मला शिंजीराच्या खांद्यावर पिवळसर पट्टा दिसला आणि छातीच्या बाजूचा पिवळा झुपका बाहेर आलाय असं वाटलं. रॉमध्ये जास्त उजेडाचा इशारा चालू केल्यावर तो पट्टा बरोबर टेकलेल्या भागाच्या कडेनं फिरत होता. शिवाय चकचकीत पिसावरची झळाळी टेकलेली नसली तरी ती पिसाच्या रंगाची नसते, उजेडाच्या रंगाची असते. आता मी सकाळी एक्सपोजर -2/3 वर ठेवतो. पोट आणखी अंधारतं, कचरा वाढतो, पण खांदा वाचतो. दोन्ही हवं असेल तर ढगाळ सकाळची वाट बघायची, तिसरा मार्ग मला सापडलेला नाही.

रॉचा फायदा नेमका कुठं, तर बारा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला ४०९६ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६. पण माझ्या कामाला त्याहून मोठा फरक दुसराच पडला. जेपेग करताना रंगाची माहिती शेजारच्या पिक्सेलांमध्ये वाटून टाकली जाते. फोटोत शिंजीराचं पोट चाळीस पिक्सेलांचं, त्याच्या कडेला लाल जास्वंद. जेपेगच्या त्या तपकिरीत फुलाचाही थोडा हात होता असं मला वाटतं. सरासरी घेताना म्हणूनच कडेचे पिक्सेल सोडायचे, मधलेच घ्यायचे.

कार्डाबद्दल तक्रारी आहेत. माझं कार्ड गुळगुळीत आहे, त्यामुळे उन्हात तेच चमकतं, तेव्हा थोडं तिरकं करून चमक जाईपर्यंत फिरवावं लागतं. तांबडी धूळ बसते आणि कार्डच तांबूस होतं. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसतो. मधे कार्ड हरवलं तेव्हा पांढरा कागद वापरून बघितला आणि आकडे भरकटले. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात रसायनं असतात, ती सावलीत निळसर दिसतात. नळजोडणीची टेफ्लॉन टेप पाच-सहा पदर गुंडाळली तर ती जास्त भरवशाची निघाली. हार्डवेअरच्या दुकानात पंधरा-वीस रुपयांना मिळते.

कोणी घ्यावं? ज्याचा पक्षी रोज त्याच फांदीवर येतो त्यानं. उडत्या पक्ष्याला, दुसऱ्या गावच्या फोटोला, किंवा ज्या जागी परत जाऊन त्याच वेळी कार्ड धरता येणार नाही तिथं हे चालत नाही, कारण अर्ध्या तासात ऊन सरकतं आणि उसळलेली लालीही बदलते. जुन्या दोन वर्षांच्या जेपेग फोटोंमध्ये माझ्याकडे अजून अकरा ‘तपकिरी’ शिंजीर आहेत. त्यांतल्या तिघांची चोच दिसते, तेवढे मी ठरवले. बाकीच्या आठांपुढे वहीत प्रश्नचिन्ह ठेवलंय.