भाड्याचे पुरावे: एप्रिलमध्ये द्यावेत, जानेवारीत, की थेट रिटर्नमध्ये दाखवावेत?

आधी एक चाळणी. नव्या करप्रणालीत असाल तर घरभाडं, ८०सी, मेडिक्लेम यांपैकी कशाचीच सूट नाही, त्यामुळे त्यांच्या पावत्या ऑफिसला देऊन उपयोग नाही. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर तिथे टॅक्सही शून्य येतो. हा प्रश्न ज्यांना जुनी प्रणाली खरोखर परवडते त्यांचाच, म्हणजे बहुतेकदा मोठं भाडं भरणाऱ्यांचा. पुढचे आकडे आणि नियम २०२५-२६ चे आहेत.

मुंबईतलं एक उदाहरण घेऊ. पगार महिना २ लाख, त्यात मूळ पगार १ लाख आणि घरभाडे भत्ता ५० हजार. भाडं ६० हजार. भरलेल्या भाड्यातून मूळ पगाराचे दहा टक्के वजा केले की उरतात ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाखांची पूर्ण सूट. त्यात ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५० हजार, स्वतःचा नि ज्येष्ठ आईवडिलांचा मेडिक्लेम ७५ हजार आणि प्रमाणित वजावट ५० हजार धरली, तर सेससकट वर्षाचा टॅक्स २,६५,२०० होतो. नव्या प्रणालीत २,९२,५००. (व्यवसाय कराची वजावट सोयीसाठी टॅक्सच्या हिशेबात धरलेली नाही.)

| मार्ग | महिन्याची कपात |
|---|---|
| एप्रिलपासून पुरावे | वर्षभर २२,१०० |
| एप्रिलमध्ये नुसतं डिक्लेरेशन, भाड्याचे पुरावे जानेवारीत नामंजूर | डिसेंबरपर्यंत २२,१००, मग तीन महिने ८४,५०० |
| ऑफिसला काहीच न सांगणं | वर्षभर २४,३७५, फरक रिफंडमध्ये |

दुसरा मार्ग बहुतेक जण निवडतात. पोर्टलवर आकडे भरायला पाच मिनिटं लागतात आणि पगार लगेच बरा येतो. अडचण जानेवारीत येते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि नेमका तोच तो द्यायला कुरकुरतो. "करारात पॅन द्यायचं ठरलं नव्हतं" हे उत्तर जानेवारीत ऐकलं तर हातात वेळ उरत नाही. मग अकाउंट्स सहा लाखांची सूट काढून टाकतं, वर्षाचा टॅक्स ४,५२,४०० होतो आणि उरलेली सगळी वसुली तीन पगारांतून. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाऊन हातात येतात जेमतेम १ लाख ३ हजार, त्यातले ६० घरमालकाला. पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरून रिफंड मागता येतो. पण पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम तोवर अडकून पडते.

एप्रिलमध्ये नेमकं काय द्यायचं? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, पॅनची प्रत आणि पहिल्या महिन्याची पावती, जोडीला बँकेतून भाडं गेल्याची नोंद. ८०सीची फार धावपळ नको: पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जात असेल तर इथे त्यातच १,४४,००० होतात, आणि ती नोंद ऑफिसकडे असतेच. एनपीएस आणि मेडिक्लेमच्या पावत्या पैसे भरल्यावरच मिळणार, त्या तेव्हा द्याव्यात. म्हणजे लवकर पुरावे देणं हे मुख्यतः भाड्याचं काम आहे.

यालाही मर्यादा आहेत. काही ऑफिसांत पुराव्यांची खिडकी डिसेंबरशिवाय उघडतच नाही. तिथे निदान पॅन तरी डिक्लेरेशनमध्येच भरून टाकावा आणि करार मेलवर पाठवून ठेवावा. अकरा महिन्यांचा करार मध्येच संपला तर नवा जोडावा लागतो, भाडं वाढलं किंवा घर सोडलं तर आकडा बदलावा लागतो. पुढच्या महिन्यांच्या पावत्या जानेवारीत मागतीलच. शिवाय ५० हजारांवरच्या भाड्यातून भाडेकरूनेच दोन टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, या उदाहरणात वर्षाला १४,४००. तो मार्चमध्ये किंवा घर सोडताना कापतात आणि त्यालाही मालकाचा पॅन लागतो. करार करतानाच ही गोष्ट मालकाच्या कानावर घातली तर पॅनचा विषय आपोआप निघतो.

तिसरा मार्ग आळशी वाटतो, पण तितका वाईट नाही. काहीच न सांगितल्यास ऑफिस नवी प्रणाली धरतं, म्हणून महिन्याला २,२७५ जास्त कापले जातात, आणि रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडून २७,३०० परत मागता येतात. रिटर्न मात्र मुदतीत भरायला हवं. तारीख चुकली की त्या वर्षापुरती जुनी प्रणाली हातची जाते. भाड्याची सूट फॉर्म १६ मध्ये नसल्याने आयकर खात्याने विचारलं तर कागद तुम्हालाच दाखवावे लागतील.

माझा कौल असा: पॅन हातात असेल तर एप्रिल. मालक टाळाटाळ करतोय आणि घर बदलायचं घाटतंय, तर तिसरा मार्ग. पॅन नसताना सहा लाख लिहून मोकळं होणं मात्र टाळाच. एकदा जुनी प्रणाली कळवली की बहुतेक ऑफिसं टीडीएससाठी ती वर्षाच्या मध्ये बदलू देत नाहीत, मग बदल थेट रिटर्न भरतानाच करता येतो.